व्हिलन मीच का?

आज माझ्याकडे टॅरोचे पत्ते काढून घ्यायला एक नवरा-बायको आले होते. तिच्या जागी नाईन ऑफ वॉन्ड्स हा पत्ता निघाला, त्याच्या जागी फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स. तो लगेच म्हणाला, "म्हणजे व्हिलन मीच!" सगळ्यांचं इथेच चुकतं. त्या पत्त्यावर तीन तलवारी गोळा करून छद्मी हसणारा दिसतो, मागे पाठ फिरवून निघालेले दोघे दिसत नाहीत. विचारलं, यातले तुम्ही कोण? बऱ्याच वेळानं त्यानं त्या दोघांतल्या तोंड झाकलेल्यावर बोट ठेवलं.

तिच्या पत्त्यातल्या माणसाच्या डोक्याला पट्टी, मागे आठ काठ्यांचं कुंपण, नजर तिरकी. गंमत म्हणजे चित्रात शत्रू कुठेच नाही. ती म्हणाली, "हा 'जेवलीस का' म्हणाला तरी टोमणाच वाटतो."

'पुढे काय' यासाठी तिसरा पत्ता मी काढलाच नाही. आधी दोघांची झोप होऊ दे.