निळी घोडी

दुपारी तीनला मावशीचा मेसेज आला. ‘हनुमंताची निळी घोडी’. बास. मागे काही नाही, पुढे काही नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

मला अर्थ सांगायची खोड आहे. ओट्याशी उभ्या उभ्याच मी लिहिलं, की मावशी, मारुतीला घोडी कुठली? निळा घोडा खंडोबाचा. जेजुरीच्या जयघोषात नाही का, ‘निळा घोडा, पायात तोडा’? तोच चुकून आपल्या भोंडल्यात शिरला असेल. शिवाय घोड्याची घोडी झाली ती पुढचं यमक जुळवायला, असं माझं मत. चांगल्या बारा ओळी झाल्या. दोन निळ्या टिका उमटल्या आणि शांतता.

आमच्या वाड्यात नवरात्रात पाटावर हत्ती काढून मधोमध ठेवत. फेर सुरू झाला की घोडी निळी का, असं कुणी विचारत नसे. सगळा जीव खिरापतीत. गोड की तिखट, डबा हलवला तर वाजतो का, एवढंच. मला एकदाही ओळखता आली नाही. एका वर्षी सगळ्या पदार्थांची नावं संपली आणि डब्यातून निघाल्या नुसत्या श्रीखंडाच्या गोळ्या. तो राग अजून आहे.

तासाभरानं मावशीचं उत्तर आलं. ‘ते असू दे. पुढे?’

पुढे! आणि मलाही आठवेना. घोडी म्हटलं की डोक्यात जेजुरी. शेवटी फोनच केला. “अगं, मधूनच येत नाही ते,” मावशी म्हणाली, “लिंबापासून धर.” मग दोघी एक लिंबू झेलू बाईपासून निघालो. पाच लिंबं झाली, त्यांचा पाणोठा झाला, माळ हनुमंताला गेली, आणि घोडी आली तशी ‘येता जाता कमळं तोडी’ आपोआपच तोंडातून पडलं. कमळामागे राणी, राणीमागे पाणी. या गाण्यात प्रत्येक ओळ मागचीच्या पदराला धरून उभी असते; एकटी काढली की तिला स्वतःलाच ठाऊक नसतं कुठे जायचं ते. तिला अर्थ विचारणं म्हणजे आगगाडीच्या मधल्या डब्याला ‘कुठल्या गावचा तू?’ विचारण्यासारखं. बारा ओळी लिहिण्याआधी हे सुचायला हवं होतं.

“हां, कमळं!” मावशी म्हणाली. “सकाळपासून पोळ्या लाटताना तिथेच अडकत होते. ठेव आता.” आणि फोन ठेवला.

मी मात्र यमुना जमुनाच्या बारीक वाळूपर्यंत जाऊन उभी. तिथे कुणीतरी बाळ खेळत असतं, त्याला भूक लागते, सोन्याच्या शिंपीनं दूध पाजतात. मग? मावशी आता झोपली असेल.