आधी मान

श्रावणातली दुपार होती. बाहेर बेळगावचा तो धड न पडणारा आणि धड न थांबणारा पाऊस, जेवण अंगावर आलेलं. डोळा लागणार एवढ्यात पुतण्यानं हलवून उठवलं.

"काका, कपात गांडूळ आलंय."

कप म्हणजे विकतच्या दह्याचा रिकामा कप. विकतचं दही ही आमच्या घरात लपवून आणायची वस्तू. पण पावसाळी गारठ्यात विरजण नीट लागत नाही, हे आईलाही मनातून ठाऊक असतं, म्हणून ती पाहून न पाहिल्यासारखं करते. तर तो कप पोरानं धुऊन घेतला होता आणि त्यात पावटा लावला होता. रोज शाळेत जाताना एकदा आणि आल्यावर दप्तर पाठीवर असतानाच एकदा, असा खिडकीत उभा राहून तो बघायचा. "कायच झालं नाही की," एवढाच रोजचा अहवाल.

पावटा दिला होता आईनं. तिच्या फडताळात जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात राखेत घोळवलेलं बी असतं. राखेमुळे भुंगा लागत नाही. तरी तिनं एकेक दाणा उजेडात धरून पाहिला. बारीक भोक दिसलं की तो दाणा बाजूला, कारण आतलं सगळं भुंग्यानं कधीच खाल्लेलं असतं. पावट्याच्या कडेला एक पांढरी शिवण असते. शेंगेला तो तिथंच चिकटलेला असतो. कोंब तिथूनच निघणार, असं तिनं पोराला दाखवून ठेवलं. रात्री वाटीभर पाण्यात दाणे टाकले, तेव्हा थोड्या वेळानं बघतो तर सगळ्यांच्या सालीला सुरकुत्या. पोर रडायच्या घाईला आलं, की बी म्हातारं झालं म्हणून. पण तसं नसतं. पाणी आधी साल पिते आणि पसरते, आतला दाणा अजून कोरडाच असतो, म्हणून साल सैल पडते. सकाळपर्यंत दाणा फुगून साल पुन्हा ताणून बसवतो. मात्र सकाळी काढायचा म्हणजे काढायचा. भिजलेला दाणा श्वास घ्यायला लागलेला असतो, त्याला पाण्यातच ठेवला की गुदमरतो.

मी दाभण गॅसवर तापवून कपाच्या बुडाला भोकं पाडून दिली. माती घरामागची तांबडी, त्यात मूठभर शेणखत. बोटाच्या पहिल्या पेराएवढं खोल खड्डं करून दाणा टाकायचा आणि वरून माती सारायची, दाबायची नाही. एवढं झाल्यावर पोरानं आमच्या नकळत दुसराही कप भरला, पण त्याला भोकं नव्हती. त्याला तो जास्त प्रेमानं पाणी घालायचा. चार दिवसांनी त्या कपाला वास यायला लागला, ओल्या कपड्यांचा आणि नासक्या उसळीचा मिळून एक. दाणा उकरून काढला तर बोटांत पिठासारखा फिसकटला. मातीतल्या हवेच्या जागा पाण्यानं भरल्या की बी कुजतं, हे मी त्याला सांगणार होतो, पण त्यानं वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि सांगायचं काही उरलं नाही.

आणि आता पहिल्या कपात गांडूळ.

उठून बघितलं. मातीला मधोमध भेग गेलेली, तिच्या दोन्ही काठांवर माती ढेकळासारखी उचललेली. भेगेतून एक फिकट, किंचित हिरवट, जाडसर कमान वर आलेली. दोन्ही टोकं मातीतच. कुणीही गांडूळच म्हणेल. पोरानं चिमटीनं ओढायला हात पुढं केला तेवढ्यात आई मागून ओरडली, "हात लावू नको बघ! मान हाय ती."

मानच ती. पावटा, घेवडा, चवळी ही मंडळी डोकं वर काढून येत नाहीत. बीच्या दोन डाळी आणि त्यांच्यामध्ये दडलेला पानांचा कोवळा कळा खाली मान घातलेल्या अवस्थेत राहतो, आणि देठ वाकून आपल्या कुबडानं माती फोडतो. मग त्या कुबडामागून डोकं ओढून बाहेर काढतो, उलटं. सरळ डोकं खुपसलं असतं तर पहिल्याच खड्यानं तो कोवळा कळा खरवडून निघाला असता. देठ मात्र थोडा सोलला तरी चालतो. माती जितकी घट्ट, तितका रोपातच एक वायू जास्त तयार होतो. केळी पिकवणारा वायू असतो ना, तोच, इथिलीन. त्यानं देठाचा हा वाकलेला आकडा अधिक आवळला जातो आणि देठ जाड होतो. म्हणजे अडचण वाढली की रोप अंग आणखी चोरतं आणि नेट लावतं. उजेड लागला की मग आकडा सुटायला लागतो. वर पोचलो की नाही, याची रोपाकडे खूण म्हणजे उजेड. हवा नव्हे, पाऊस नव्हे.

पोराचा प्रश्न वेगळाच होता. "पण उजेड नसताना वर कुठं ते त्याला कसं कळलं?" हा प्रश्न इंग्लंडात थॉमस नाइट नावाच्या माणसालाही पडला होता. त्यानं पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या आणि ते चाक अखंड फिरत ठेवलं. 1806 साली त्यानं छापलं ते असं, की सगळी मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला वाढली आणि कोंब आसाकडं. फिरण्याच्या जोरानं बियांना बाहेरची बाजू हीच खालची वाटली. म्हणजे रोपाला वर-खाली कळतं ते वजनावरून. मुळाच्या टोकाशी पिठाचे बारीक कण असतात, ते ज्या बाजूला बसतात ती खालची बाजू. मी हे जमेल तेवढं सांगितलं. पोर म्हणालं, "मग पंख्याला बांधूया की." तो विषय तिथंच थांबवला.

आमच्या तात्यांच्या म्हणजे आजोबांच्या शिवारात मी ही वाकडी मान खूप पाहिली आहे. शहापूरची काळी जमीन, पावसाळ्यात भात आणि बांधावर पावटा. पेरल्यावर एकदा जोराचा पाऊस आला आणि लगेच ऊन पडलं की काळ्या मातीवर पोपडा धरतो, भाकरीसारखा टणक. अशा वेळी तात्या बांधावर उकिडवे बसायचे आणि नखानं एकेक पोपडा उचलून बाजूला ठेवायचे. मी तांब्या घेऊन मागं. पोपड्याखाली माना दिसायच्या, पांढऱ्या, जाड झालेल्या, पाठीनं रेटत असलेल्या. काही मोडलेल्याही. मोडलेल्याकडं तात्या बघायचेसुद्धा नाहीत. मला वाईट वाटायचं, मी त्या मानेवर थोडं पाणी ओतायचो. "घालू नको उगीच, गेलंय ते," म्हणायचे.

त्यांना ते दुष्टपणानं म्हणायचं नसे. भात कापल्यावर त्याच शिवारात वाटाणा आणि मसूर असायची, आणि वाटाण्याचा शेंडा पाखरांनी खुडला तरी ते फिकीर करत नसत. वाटाणा आपल्या डाळी मातीतच ठेवतो, वर फक्त कोंब पाठवतो. तो खुडला गेला तरी खाली डाळींच्या बगलेत डोळे शिल्लक असतात, दुसरा कोंब येतो. पावट्यानं मात्र सगळंच डोक्यावर घेऊन वर आणलेलं असतं. डाळींच्या खाली देठ मोडला तर त्या देठावर एकही डोळा नसतो. हिरवा खुंट काही दिवस उभा राहतो, बघणाऱ्याला वाटतं अजून धुगधुगी आहे, पण त्यातून काही येणार नसतं.

म्हणून आई ओरडली होती.

पोर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हलायला तयार नव्हतं. शेजारच्या कन्नड अक्का दारातून "मोळकी बंतेनो?" म्हणजे कोंब आला का, असं विचारून गेल्या, त्यांनाही त्यानं हातानंच थांबवलं, जणू आवाजानं मान दचकेल. डोळ्यांना काहीच हलताना दिसत नाही. पण चहा पिऊन येऊन बघावं तर कमान उंच झालेली, तिचा रंग एक पट्टी हिरवा झालेला. दिवेलागणीला एका टोकानं माती सोडली. डाळी बाहेर आल्या, त्याही डोक्यावर साल घेऊन. माती कोरडी असली की साल अशी अडकून बसते. पोराला ती टोपी काढायची होती. मी बोटानं पाण्याचा एक थेंब त्या सालीवर ठेवला. सकाळी टोपी मातीत पडलेली होती आणि रोप सरळ उभं होतं, दोन डाळींच्या मधून दोन पानं सुटायला लागलेली.

माझं एक जुनं दुखणं या निमित्तानं वर आलं. पतपेढीचं कॅलेंडर असो, वनमहोत्सवाचा फलक असो, उगवतं रोप काढायचं म्हटलं की मातीतून सरळ दांडी आणि वर नमस्कारासारखी दोन पानं. मातीला भेग नाही, ढेकूळ उचललेलं नाही, सगळं कसं स्वच्छ. हे चित्र काढणाऱ्यांना एक एक पावटा द्यावा असं मला फार वाटतं.

पुढच्या आठवड्यात शाळेत "बी उगवते" असं चित्र काढायला सांगितलं. पोरानं भेग काढली, ढेकूळ काढलं आणि मधे कमान, दोन्ही टोकं मातीत. वही घरी आली तेव्हा कमानीखाली लाल शाईत लिहिलेलं होतं, "रोप कुठे आहे?" आणि गुण दहापैकी चार.

वहिनी चिडली, मी शाळेत जाऊन बोलतो म्हणालो, आई म्हणाली कशाला उगीच. पोरानं मात्र पेन्सिल घेतली, लाल प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, "येऊलालंय", आणि खेळायला गेलं. पावटा आता खिडकीच्या गजाला वेढे घालतोय. शेंगा थंडीशिवाय यायच्या नाहीत, दिवस लहान व्हायला हवेत त्याला. तोवर कप पुरणार नाही, कुंडी आणायला हवी.