जोडलेले, पण गाणे नाही

सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात इअरफोनची तक्रार दिवसातून चार-पाच वेळा येते आणि बहुतेक वेळा ती दोन मिनिटांत मिटते. जाळीत मळ अडकलेला असतो, आवाजाची पट्टी खाली ओढलेली असते किंवा ब्लूटूथच्या पानावरचे ‘मीडिया ऑडिओ’चे बटण कुणीतरी बंद केलेले असते. मागच्या मंगळवारी आलेली तक्रार यांपैकी कशातच बसत नव्हती.

विडी घरकुलातून एक मावशी आल्या होत्या. दिवसभर विड्या वळताना त्या प्रवचने ऐकतात. दोन्ही हात पानात आणि तंबाखूत गुंतलेले असल्यामुळे वायरचा इअरफोन सारखा सुपात पडायचा, म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना बिनवायरची जोडी घेऊन दिली होती. “दादा, जोडलंय म्हणतंय, चार्जिंगसुद्धा दाखवतंय, पण आवाज मोबाइलमधूनच येतोय,” असे त्यांनी सांगितले. त्याआधी एका दुकानात त्यांना ब्लूटूथची आयसी गेली असून पूर्ण मोबाइल रीसेट करून बघावा लागेल, असे सांगण्यात आले होते. मोबाइलमध्ये नातवाचे सगळे फोटो असल्यामुळे त्यांनी नकार दिला, आणि तो योग्यच होता. कारण न शोधता गिऱ्हाइकाचा मोबाइल पुसून टाकण्याची आमच्या धंद्यातली ही सवय मला मुळीच मान्य नाही.

मी इअरफोनच्या नावापुढचे चाक दाबून तपशिलाचे पान उघडले. वर ‘कनेक्ट केलेले’ असे लिहिलेले होते आणि बॅटरीची टक्केवारीही होती. खाली मात्र ‘मीडिया ऑडिओ’ नव्हते आणि ‘फोन कॉल’ही नव्हते. बटण बंद असणे आणि बटणच नसणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. बंद केलेले बटण यादीत राहते आणि पुन्हा चालू करता येते. बटण मुळात दिसतच नसेल, तर हे उपकरण गाणे वाजवू शकते याची मोबाइलकडे नोंदच नसते. जोडणी होताना मोबाइल समोरच्या उपकरणाला ‘तुझ्याकडे कोणत्या सेवा आहेत’ असे विचारतो. उत्तरात गाण्यासाठी लागणारी ए-टू-डीपी ही सेवा आली, तरच अँड्रॉइड ‘मीडिया ऑडिओ’चे बटण दाखवते. कॉलसाठीची सेवा वेगळी असते आणि तिचे बटणही वेगळे असते.

त्यामुळे कोणते बटण नाही, हे पाहिले की बरेच समजते. फक्त ‘फोन कॉल’ दिसत असेल, तर ते उपकरण बहुधा एका कानाचे, केवळ बोलण्यासाठी बनवलेले जुने हेडसेट असते आणि त्यात गाण्याची सेवा नसतेच. किंवा जोडणीच्या वेळी सेवांची यादी अर्धवट आलेली असते आणि जोडणी विसरून नव्याने केली की बटण उगवते. मावशींच्या मोबाइलवर दोन्ही बटणे नव्हती, म्हणून मला यांपैकी पहिली शक्यता सोडून द्यावी लागली. यादी अर्धवट आली असावी असे धरून मी ‘विसरा’ दाबले आणि पुन्हा शोध लावला. दोन-तीन सेकंदांत इअरफोनचे नाव आले, मी ते जोडले आणि तेच पान तसेच्या तसे परत आले.

नाव इतक्या लवकर आले, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. मी इअरफोन जोडणीच्या अवस्थेत टाकलेच नव्हते आणि त्या अवस्थेत नसलेला इअरफोन साध्या ब्लूटूथच्या शोधाला सहसा उत्तर देत नाही. मग उत्तर कोण देत होते? नावाशेजारी पाहिले, तर तिथे हेडफोनचे चित्र नसून नुसते ब्लूटूथचे चिन्ह होते. मावशींची परवानगी घेऊन मी मोबाइल संगणकाला जोडला, संगणकाला मोबाइलच्या आतल्या नोंदी वाचू देणारे यूएसबी डीबगिंग चालू केले आणि ब्लूटूथच्या नोंदी दाखवणारा हा आदेश दिला:

```
adb shell dumpsys bluetooth_manager
```

जोडलेल्या उपकरणांच्या यादीत त्या इअरफोनच्या ओळीत `[  LE  ]` असे लिहिलेले होते, आणि तिथे सगळा उलगडा झाला.

अशा इअरफोनमध्ये दोन वाटा असतात. आवाज जातो तो जुन्या, साध्या ब्लूटूथच्या वाटेने. दुसरी वाट कमी वीज खाणारी, एलई नावाची असते आणि कंपनीचे ॲप तिच्यावरून बॅटरी वाचते किंवा सेटिंग बदलते. काही जोड्या या दोन्ही वाटांवर अगदी एकाच नावाने स्वतःची ओळख देतात. मावशींचा मोबाइल दुसऱ्या वाटेवर जोडला गेला होता. त्यामुळे बॅटरी खरी दिसत होती, ‘कनेक्ट केलेले’ हेही खरे होते, पण त्या वाटेवर गाणेही नव्हते आणि कॉलही नव्हता. अँड्रॉइड १३ पासून एलईवरूनही आवाज नेण्याची सोय आली आहे; पण त्यासाठी मोबाइल आणि इअरफोन दोन्ही त्या सोयीचे असावे लागतात आणि या दोघांपैकी कुणाकडेच ती नव्हती.

मावशींच्या हातून चुकीची वाट का निवडली गेली, हे विचारण्यासाठी मी म्हणालो, “मावशी, हे इअरफोन आधी दुसऱ्या कुठल्या मोबाइलला लावले होते का?” त्यावर त्या म्हणाल्या, “मुलानं दिवाळीत त्याच्या जुन्या मोबाइलवर लावून बघितलं होतं. तो मोबाइल घरीच असतो, नातू खेळतो त्यावर.” म्हणजे घरी डबी उघडली की इअरफोन आधी त्या जुन्या मोबाइलला गुपचूप जाऊन चिकटत. त्यांची आवाजाची वाट तिथे अडकल्यावर मावशींच्या शोधयादीत फक्त एलईचे नाव उरत असे आणि त्या बिचाऱ्या दिसेल ते नाव जोडत.

मी एलईची नोंद विसरायला लावली, दोन्ही इअरफोन डबीत ठेवले आणि डबीचे बटण दिवा वेगाने लुकलुकेपर्यंत दाबून धरले. या जोडीला त्यासाठी साधारण दहा सेकंद लागले. दुसऱ्या बनावटीची रीत वेगळी असू शकते. बटण असे दाबून धरल्यामुळे इअरफोनमधली जुन्या मोबाइलची आठवणही पुसली गेली. आता शोधयादीत तेच नाव दोनदा आले, एक ब्लूटूथच्या चिन्हासह आणि एक हेडफोनच्या चित्रासह. मी दुसरे जोडले. तपशिलाच्या पानावर ‘फोन कॉल’, ‘मीडिया ऑडिओ’ आणि ‘संपर्क शेअरिंग’ ही तिन्ही बटणे आली आणि मावशींच्या कानात प्रवचन सुरू झाले. मी यूएसबी डीबगिंग पुन्हा बंद केले आणि जुन्या मोबाइलमधूनही हे नाव काढून टाकायला त्यांना सांगितले. दोन वस्तूंना एकच नाव देऊन कोणती कोणती हे केवळ एका बारीक चिन्हावरून ओळखायला लावणे हा बनवणाऱ्यांचा दोष आहे, वापरणाऱ्यांचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या रात्री मी दुकानाची मागच्या वर्षीची वही काढली. तिच्यात माझ्याच अक्षरात एक नोंद आहे: ‘कनेक्ट होते, बॅटरी दिसते, मीडिया ऑडिओ नाही, इअरफोन खराब.’ शेजारी लिहिलेल्या नंबरवर दुसऱ्या दिवशी फोन लावला. ती जोडी त्यांनी केव्हाच भंगारात दिली होती.