घरोबा नाकबूल

“तुमच्या त्या गोष्टीत एकाच वाड्यात वर-खाली राहणारी, वीस वर्षांचा घरोबा असलेली माणसं एकमेकांना नोटिसा कसल्या पाठवतात, जिना उतरून बोलत का नाहीत?”

बोलतात हो, आधी बोलतातच. वाड्याची मालकीण वहिनी वरून हाक मारून खालच्या भाडेकरूला सांगते, भाऊजी, मुलगा परत येतोय, खालच्या खोल्या लागतील, आणि भाऊजी म्हणतात बघू. हे बघू दोन वर्षं चालतं आणि मग ती वकिलाकडे जाते, तिथून गोष्ट तिच्या हातातून सुटते.

भाडे नियंत्रण कायद्यात स्वतःसाठी जागा खरोखर हवी असणं हे भाडेकरूकडून जागा परत मागण्याचं वेगळं कारण आहे आणि तिचं खरं कारण तेवढंच. पण वकील सवयीने थकबाकीही घालतो, एक कारण पडलं तर दुसरं असावं म्हणून. तीन वर्षांचं भाडं थकलंय, नव्वद दिवसांत भरा. आता भाऊजींनी एक महिना चुकवलेला नाही, पण भाडं द्यायचे हातात, चहा पिता पिता, आणि पावती कोण मागणार? ती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं झालं असतं. म्हणजे मैत्री होती म्हणूनच त्यांच्याकडे पुरावा नाही, मला गोष्ट सुचली ती इथे.

नोटिशीत वहिनीच्या वकिलाने एक वाक्य टाकलंय की घरोब्याच्या संबंधांमुळे आमच्या अशिलांनी आजवर तगादा लावला नाही. थकबाकीच्या अख्ख्या मजकुरात तेवढंच काय ते खरं! आणि भाऊजींचा वकील नेमकं तेच नाकारतो, कारण कोर्टात दाव्यातली जी गोष्ट स्पष्टपणे नाकारली नाही ती मान्य केली असं धरलं जाऊ शकतं, त्यामुळे वकील मंडळी नोटिशीच्या उत्तरातही सगळंच नाकारत सुटतात. परिच्छेद ४ मधील घरोब्याच्या संबंधांबाबतचा मजकूर खोटा असून नाकबूल आहे. खाली भाऊजींची सही. त्यांनी ते वाचलं होतं का हे मला खूप जण विचारतात, तर हो, वाचलं होतं, वकिलाला म्हणाले पण की हे वाक्य काढा, तो म्हणाला काढलं तर थकबाकी कबूल केल्यासारखं होईल.

मग ते भाडं मनीऑर्डरने पाठवतात आणि ती घेत नाही, वकिलाने सांगितलंय घेऊ नका म्हणून. बाईला वाटतं आपण ठाम राहिलो. पण ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली मनीऑर्डर हाच भाऊजींचा पहिला पुरावा ठरतो, की माणूस भाडं द्यायला तयार होता. त्यामुळे थकबाकीचा मुद्दा लंगडा पडणार, मुलाच्या गरजेचा मात्र उभा राहील, आणि मग कोर्ट बघेल की जागा गेल्याने जास्त हाल कोणाचे, तिच्या मुलाचे की सत्तरीतल्या भाऊजींचे. ती तुलना दोघांच्याही वकिलांना साक्षीपुराव्याने करावी लागते, म्हणजे कोणाच्या घरात कोण आजारी, कोणाची दुसरी जागा कुठे, हे सगळं, आणि ते एकमेकांबद्दल या दोघांइतकं कोणालाच माहीत नाही.