कातण्याचे तास

घोंगड्याची किंमत नव्याने ठरवायची म्हणून माणदेशातल्या त्या गावात गटाची बैठक लावली होती. विणकरांना हिशेब तोंडपाठ होता. नऊ बाय साडेचार फुटांचं घोंगडं, तयार वजन सव्वादोन किलो. लोकर एकशेवीस, पिंजणावळ दीडशे, खळ आणि किरकोळ साठ, विणकराचे तीन दिवसांचे नऊशे आणि कातणावळ किलोला एकशेवीसप्रमाणे दोनशे सत्तर. पंधराशे झाले. व्यापारी सतराशेला उचलतो, म्हणजे दोनशे सुटतात, असं सगळ्यांचं मत.

मी विचारलं, कातायला वेळ किती जातो? एका मामांनी हसून उडवून लावलं. "आवं ताई, कातणं म्हंजे काय काम हाय व्हय? बायका बसल्या बसल्या करत्यात."

मागच्या आठवड्यात मी दोन-तीन घरांत चरख्याशेजारी वही ठेवून आले होते. शाळेतल्या मुलींनी आईच्या आणि आजीच्या वेळा लिहिल्या. बसण्याची वेळ, उठण्याची वेळ, मधे चुलीकडे गेल्याची वेळसुद्धा. किलोभर सूत निघायला साधारण वीस तास जात होते. सव्वादोन किलोला पंचेचाळीस. दोनशे सत्तर भागिले पंचेचाळीस, तासाला सहा रुपये. गावात बाईचा शेतातला रोज तीनशे आहे. आकडा फळ्यावर लिहिल्यावर मामा गप्प झाले. बायका गप्प नव्हत्या; त्यांच्यात कुजबूज सुरू झाली आणि ती वाढतच गेली.

बाईला शेताइतका रोज आणि विणकराला दिवसाला सहाशे धरले, की नुसता उत्पादनखर्च अडतीसशेवर जातो. घोंगडी आम्ही प्रदर्शनात विकायला नेणार होतो; स्टॉलचं भाडं, प्रवास, राहणं मिळून बावीस हजार. चाळीस घोंगडी खपतील असं धरून नगामागे साडेपाचशे आले. वर गटासाठी दहा टक्के ठेवून आम्ही अठ्ठेचाळीसशेची चिठ्ठी लावली.

खपली चौदा. मग तेच बावीस हजार चौदांवर वाटले गेले आणि नगामागे पंधराशेच्या वर बसले. स्टॉलचं भाडं खपाआधी नगावर वाटून टाकायचं नाही, हे कुठल्याही प्रशिक्षणात मी ऐकलेलं नाही. तिथे आकर्षक मांडणी आणि हसरा चेहरा शिकवतात.

गिऱ्हाईक म्हणायचं, बाहेर रस्त्यावर सातशेला मिळतं. मामांनी वाद घातला नाही. सुटा धागा काडीने पेटवून दाखवला. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. लोक थक्क व्हायचे, फोटो काढायचे आणि सातशेवालं घ्यायला जायचे.

ऑनलाइन विक्रीत दोन गोष्टी नडल्या. पहिली, खळ. चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून, वाटून शिजवतात आणि उभ्या धाग्यांचा ताणा उघड्यावर पसरून कुंच्याने ती खळ चोळतात. आभाळ आलं की ताणा वाळत नाही, धागे एकमेकांना चिकटतात आणि अख्खा दिवस जातो. पण ही खळ न धुता घोंगडं पाठवलं, की गिऱ्हाईक लिहितं, "पुठ्ठ्यासारखं आहे, वास येतो." आता धुऊनच पाठवतो. धुतल्यावर आटतं, म्हणून मागावर लांबी-रुंदी आधीच वाढवून घेतो.

दुसरी, कुरिअर. वजन सव्वादोन किलो, पण ते खोक्याच्या मापावर पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. आमचं पंचेचाळीस, पस्तीस, वीसचं खोकं सहा किलोच्या वर गेलं. घट्ट गुंडाळून पंचेचाळीस, तीस, पंधरात बसवलं तेव्हा चार किलोंवर आलं.

शहरातून आलेल्या डिझायनर बाईंनी फिक्या गुलाबी रंगाची घोंगडी सुचवली होती. काळ्या लोकरीवर गुलाबी कसा चढणार, हे त्यांना कोणी विचारलं नाही. कामाला आलं वेगळंच. दोन बाय दोन फुटांचं बसकर, नैसर्गिक काळं, कडेला पांढऱ्या लोकरीचा पट्टा. घोंगड्याच्या दहाव्या हिश्शाएवढं सूत लागतं, कातायला साडेचार तास, म्हणजे पूर्ण दराने एकशेसत्तर. विणणं, कडा शिवणं, लोकर सगळं धरून खर्च साडेचारशेच्या आत राहतो आणि साडेसातशेला गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. पुढच्या प्रदर्शनात स्टॉलचं भाडं बसकरांनीच भरून काढलं.

घोंगड्यासाठी मात्र तडजोड झाली. कातणावळ किलोला चारशे, किंमत एकोणचाळीसशे. म्हणजे तासाला वीस रुपये. ही मजुरी शेतातल्या रोजाच्या निम्म्याच्या आसपासच राहते आणि कातणाऱ्यांपैकी दोघी तेवढ्यावर परत यायला तयार नाहीत. मामांचं वेगळंच दुखणं. "बसकरं इणायला माग कशाला पायजे? पोरगं बी इणंल," म्हणतात. मुंबईच्या एका दुकानदाराने गिरणीचं सूत वापरून शंभर घोंगडी मागितली आहेत. विणकरांना ती हवी आहेत, बायकांना नको आहेत आणि गटाच्या घटनेत अशा वेळी मत मोजायचं कसं, ते लिहिलेलं नाही. पुढच्या बैठकीत आधी तो नियम ठरेल, मग ऑर्डर.