तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीवरच्या नूडल्समधलं तेल आणि सॉस

"मॅडम, कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर हक्का नूडल्स किंवा फ्राइड राइस खाल्ला तर किती कॅलरी जातात? सॉसमुळे जास्त वाढतात ना? सॉस कमी टाकायला सांगितलं तर चालेल का?"

कॅलरीचा विचार केला तर सॉस जवळजवळ निर्दोष आहे. मोठा चमचाभर, म्हणजे 15 मिलि, सोया सॉसमध्ये जेमतेम 8-10 कॅलरी असतात. लाल चिली सॉसमध्ये साखर आणि थोडं स्टार्च असतं, त्यामुळे तो 15-20 पर्यंत जातो. व्हिनेगर धरायचंच नाही. सगळे सॉस मिळून एका प्लेटमागे फार तर 25-30 कॅलरी होतात. तेवढ्याच मापाचं तेल मात्र 120 कॅलरी देतं, आणि गाडीवर तेल एका चमच्यावर थांबत नाही.

ते आपल्याला दिसत नाही, कारण ते एकदाच पडत नाही. नूडल्स दुपारीच उकडून, गार पाण्याखाली धुऊन, निथळून ठेवलेल्या असतात. त्यांचा गोळा होऊ नये म्हणून त्यांना तेव्हाच तेल चोळलेलं असतं. हा पहिला हप्ता तुम्ही गाडीवर पोचण्याआधीच भरलेला असतो. दुसरा हप्ता कढईतला. भट्टीची आच प्रचंड असते. कढईला तेलाचा नीट थर नसेल तर नूडल्स लोखंडाला धरतात, तुटतात, करपतात, म्हणून गाडीवाला पळीने सढळ तेल ओततो. तिसरा हप्ता शेजवान चटणीतून येतो. तिला सगळे सॉस समजतात, पण ती लसूण आणि लाल मिरची भरपूर तेलात परतून केलेली असते. बरणीत वर तरंगणारा लाल थर बघा, म्हणजे पटेल.

आता साध्या व्हेज हक्का नूडल्सच्या एका फुल प्लेटचा हिशेब मांडू, शेजवान न घालता. उकडलेल्या नूडल्स 300 ग्रॅम धरल्या तर त्यांच्या सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी. कोबी, गाजर, सिमला मिरची मिळून 25. सॉसच्या 25. आधी चोळलेलं चमचाभर आणि कढईतलं अडीच मोठे चमचे मिळून तेल साधारण 40 मिलि, म्हणजे 330. बेरीज आठशेच्या घरात जाते आणि त्यातला चाळीस टक्के वाटा एकट्या तेलाचा आहे. गाडीगणिक पळी बदलते, त्यामुळे हा आकडा शे-दीडशेने इकडेतिकडे होणारच. फ्राइड राइसमध्ये तोच 300 ग्रॅम भात 390 कॅलरीचा असतो. शिवाय गार, मोकळ्या भाताला आधी तेल चोळावं लागत नाही, म्हणून 30 मिलि तेलात काम होतं आणि प्लेट सातशेच्या जरा खाली राहते. ट्रिपल शेजवानचा हिशेब मी इथे मांडत नाही. त्यात वरच्या कुरकुरीत नूडल्स आणि ग्रेव्हीतले मंचुरियनचे गोळेही तळलेले असतात.

तुमच्या गाडीचं तेल किती, हे घरी ढोबळमानाने कळू शकतं. पार्सल आणा, त्यातला पाव भाग एका भांड्यात घ्या, वर कढत पाणी ओता, चांगलं ढवळा आणि पाणी उंच काचेच्या ग्लासात गाळा. तासाभरात तेल वर येतं. चमच्याने काढून मोजा आणि चारने गुणा. दर छोट्या चमच्याला, म्हणजे 5 मिलिला, 40 कॅलरी. काही तेल नूडल्सना चिकटून राहतंच, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच असतो.

मग सॉसवर संशय येतो कुठून? बहुधा दुसऱ्या दिवशीच्या वजनकाट्यावरून. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. वरून साधं मीठ आणि अजिनोमोटो आहेच. एवढं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, सकाळी काटा वर दिसतो. ती चरबी नव्हे, दोन-तीन दिवसांत उतरते. पण रक्तदाब असेल तर सॉस कमी सांगायचं हेच कारण पुरेसं आहे.

"भैया, तेल कम" म्हटल्याने फक्त कढईतला हप्ता कमी होतो. तोच सर्वांत मोठा असल्याने सांगा जरूर, पण कढई तापून तेल पडायच्या आधी. हाफ प्लेटमध्येही तेल निम्मं होईल असं समजू नका, कारण कढईला थर द्यायला तेवढंच लागतं. त्यापेक्षा एक फुल दोघांत घ्या. शेजवान वेगळी मागा आणि बरणीतून घेताना वरचा थर बाजूला करून तळाची चटणी घ्या. आणि दोन्ही सारखंच आवडत असेल तर राइस सांगा.