नाव सापडेपर्यंत

"आईच्या साठीला घरच्यांसमोर कविता वाचायची आहे. मायेची हवी, पण गुळचट नको. तुम्ही तुमच्या आईसाठी लिहिली होती ना, ती कशी जमवली?"

पहिल्या खेपेला जमली नव्हती. पहिला खर्डा ३२ ओळींचा होता आणि त्याची सुरुवात अशी होती: "वात्सल्याचा सागर तू, त्यागाची तू मूर्ती आई." अक्षरं बरोबर आठ-आठ भरली म्हणून मी खूशही होतो. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचून पाहिली आणि डोळ्यांपुढे आई आली. ती ऐकताना काय करेल? मान खाली घालून पदराशी चाळा करत बसेल आणि संपायची वाट बघेल. "त्यागाची मूर्ती" यावर माणूस बोलणार तरी काय? हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. तेव्हा मला एक कसोटी सापडली, ती अजून वापरतो. ओळ ऐकून आईला बसल्या जागेवरून "छे, असं कधी झालं?" म्हणता आलं पाहिजे. जी ओळ तिला खोडून काढता येते, तीच तिच्याबद्दलची ओळ. या कसोटीवर ३२ पैकी एकही ओळ टिकली नाही.

मग मी कविता बाजूला ठेवली आणि आठवडाभर वहीत नुसत्या गोष्टी लिहीत गेलो. तिच्या सवयी, तिची वाक्यं, तिचे हट्ट. भावंडांना विचारलं तर प्रत्येकाने आपापली आठवण पाठवली आणि "हे घालच" असं बजावलं. सगळं घातलं असतं तर त्याचं मानपत्र झालं असतं. कौटुंबिक कवितांची खरी खोड हीच, असं माझं मत आहे. त्या कुणाला वगळायला घाबरतात. मी यादीत शोधत होतो ती एकच गोष्ट, जी खोलीत बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे पण कुणी मुद्दाम बोलून दाखवलेली नाही.

ती मिळाली ती अशी. आईला मला हाक मारायची असली की माझं नाव तिला थेट सापडत नाही. आधी दादाचं येतं, मग बंड्याचं, मग छोटीचं, आणि घाई असली तर मनीचंही. मनी म्हणजे आमची मांजर. पुष्कळ घरांत हे होतं, पण या नावांची माणसं त्या दिवशी समोर बसणार होती. आपलं नाव कवितेत ऐकू आलं की माणूस सावरून बसतो. शिवाय त्या यादीत आणखी एक नाव असायचं: बापू. आईचा धाकटा भाऊ, आमचा बापूमामा. तो गेला तरी त्याचं नाव यादीतून गेलं नव्हतं. हे लक्षात आलं आणि मी बाकीची वही मिटली.

शेवटी वाचली ती कविता एवढीच:

हाक मारायची मला,
तू सुरू दादापासून;
मग बंड्या, मग छोटी,
मनीही मधे घालून.

मनी येते, बंड्या येतो,
छोटी विचारते, "काय?"
दादा ओरडतो, "आलो!"
उठायचं नाव नाय.

कधी त्याच ओघामध्ये
'बापू' म्हणून जातेस.
सात वर्षं झाली त्याला;
त्याची जागा ठेवतेस.

मग चिडतेस थोडी,
"अरे, तू रे, तूच तो तो!"
नाव सापडेपर्यंत
मी आलेलाच असतो.

ही अष्टाक्षरी आहे. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वाराने संख्या वाढत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचं बंधन नाही. यमक मी दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला ठेवलं. वृत्तात लिहायची सवय नसलेल्याला हे झेपतं, म्हणून मी सहसा हेच सुचवतो. पण यात एक खड्डा आहे. कागदावर 'पासून' ही तीन अक्षरं; तोंडात मात्र शेवटचा 'न' अर्धा होतो आणि दोनच ठोके ऐकू येतात. मोजलेली अक्षरं प्रत्येक सुटी करून वाचायला गेलात तर कविता पाढ्यांसारखी वाजते. मी लिहिताना मोजतो आणि वाचताना मोजणं विसरतो. बोलतो तसंच वाचायचं. आकृती कानामागे राहते, तेवढी पुरे. अवतरणातली "काय?", "आलो!" ही बोलणीसुद्धा त्यासाठीच आहेत. तिथे आवाज बदलावाच लागतो आणि ठेका आपोआप मोडतो.

"उठायचं नाव नाय" यातलं 'नाय' यमकासाठी आहे हे उघड आहे. त्याबद्दल मला थोडी लाज वाटत होती. पण दादाबद्दलची ओळ शुद्ध भाषेत कशाला हवी?

आईला 'तू' म्हणायचं की 'आमची आई' म्हणून तिच्याबद्दल बोलायचं, हाही प्रश्न होता. दुसऱ्या खर्ड्यात 'ती' होती: हाक मारायची मला, ती सुरू दादापासून. एका अक्षराचा फरक. पण 'ती' म्हटलं की मी पाहुण्यांना आईबद्दल सांगतो आणि ती मध्ये बसलेली, जणू प्रदर्शनातली वस्तू. 'तू' म्हटलं की मी तिच्याशी बोलतो आणि बाकीचे ऐकतात. 'तू' म्हटलेल्या माणसाला उलट उत्तरही देता येतं. त्याचा प्रत्यय पुढे आलाच.

आता बापूमामाचं कडवं. सगळ्यात जास्त वेळ त्याने घेतला. आधी तिसरी ओळ "सात वर्षांमागे गेला" अशी होती. त्यात 'गेला' नुसतं पडून राहिल्यासारखं वाटे. मग आठवलं की आपण बोलताना ते क्रियापद गाळतो. "त्याला सात वर्षं झाली" म्हटलं की कशाला झाली हे कुणी विचारत नाही. भाषेनेच ती सोय करून ठेवलेली आहे, ती घेतली. चौथ्या ओळीत 'जपतेस' घालायचा मोह झाला होता. पण जपतेस म्हटलं की मी आईला शाबासकी दिल्यासारखं होतं. 'ठेवतेस' हे रोजच्या कामाचं क्रियापद आहे. बसमध्ये खिडकीजवळची जागाही आपण ठेवतो. या कवितेत गुळचटपणा शिरायची एकच फट होती आणि ती या शब्दात होती.

आईला हे अर्थातच आधी सांगितलं नव्हतं. पण मामी त्या खोलीत असणार होती, तिला न विचारता ते कडवं वाचणं मला बरं वाटेना. चार दिवस आधी तिच्याकडे जाऊन वाचून दाखवलं. तेव्हा कविता तीनच कडव्यांची होती, बापूवर संपणारी, आणि मला तो शेवट फार भारी वाटत होता. मामी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्याशी बोलतानाही येतं ते नाव त्यांच्या तोंडून. वाच तू. पण तिथे थांबू नकोस. वन्संना नंतर उठून सगळ्यांशी बोलायचं असणार, त्यांना तिथे सोडून तू कागद मिटणार का?"

चौथं कडवं मामीच्या या वाक्यामुळे आलं. मी नाव शोधणाऱ्या आईकडे परत गेलो, तिला चिडू दिलं, आणि शेवटच्या दोन ओळी जवळजवळ आपसूक बसल्या. कवितेत रडवणारी जागा असू शकते, पण वाढदिवसाच्या कवितेत ती शेवटून दुसरी असावी, शेवटची नको.

दादाची तक्रार वेगळीच होती. "साठीची कविता आणि साठ हा आकडा कुठेच नाही?" मी म्हटलं, तो भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत लावलाय की.

वाचनाबद्दल थोडं. घड्याळ लावून वाचली तेव्हा ४० सेकंद लागली. प्रत्यक्षात दीड मिनिट झालं, आणि तो जादा वेळ हशाचा होता. दुसऱ्या कडव्यावर लोक हसणार हे ठरलेलं, म्हणून तिसऱ्याची पहिली ओळ मुद्दाम हलकी ठेवली होती. "कधी त्याच ओघामध्ये" हे हशात बुडालं तरी काही बिघडत नाही. 'बापू' बुडून चालणार नव्हतं. त्यामुळे मी पहिली ओळ हशातच म्हणून टाकली, खोली शांत होईपर्यंत थांबलो आणि मग पुढे गेलो. कागदावर तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारून ठेवली होती, थांबायची खूण. घरी सरावात माझा गळा दरवेळी 'सात वर्षं'पाशी अडकायचा, त्यामुळे त्या ओळीच्या आधी पुरता श्वास घ्यायचा हेही लिहून ठेवलं होतं. अक्षरं मोठी काढली होती, कारण ओल्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही.

सगळं योजल्याप्रमाणे झालं नाही. पहिलं कडवं संपतंय तोच आई म्हणाली, "मनीला कधी हाक मारली रे मी?" सगळे हसले. आणि माझी पुढची ओळ होती "मनी येते, बंड्या येतो". ठरवून जमलं नसतं असं जमलं. दादाने स्वतःच्या ओळीवर खुर्चीतूनच "आलो!" म्हणून घेतलं. बापूच्या नावाला आईने मामीकडे पाहिलं, मामीने मान हलवली. मी पुढे वाचत राहिलो, थांबलो असतो तर माझं काही खरं नव्हतं.

संपल्यावर टाळ्या झाल्या, लोक पांगले. आईने मला खुणेने बोलावलं, कागद मागितला, चष्मा लावून पहिल्यापासून सावकाश वाचला. पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवून "हे काय?" विचारलं. मी सांगितलं. मग तिचं बोट खालच्या ओळीवर सरकलं.

"सात नाही रे," ती म्हणाली, "आठ झाली."

मी मनात हिशेब केला. तिचंच बरोबर होतं. पेन्सिल मागून घेतली, सात खोडून आठ लिहिलं आणि सवयीने ओळ पुन्हा मोजली. अक्षरं तेवढीच भरली.